फोटोतल्या व्हेक्टर्सचं लंबीकरण: तिन्ही डॉट शून्य येतायत तरी पुस्तकाचं उत्तर वेगळं, चूक कुठाय?

मीनल_माळवा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार, मी इंदूरला बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तक माझ्याकडे नाहीये, मैत्रिणीने तिच्या जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवलाय (खजुरी बाजारातून सेकंडहँड घेतलेलं) तो खाली जोडलाय, पण अंधूक आहे म्हणून आकडे टाइप पण करते. तीन व्हेक्टर्स उभे लिहिलेत, प्रत्येकात चार आकडे:

अ = (१, १, १, १)
ब = (३, १, १, १)
क = (४, १, २, -३)

ग्राम-श्मिट करून एकमेकांना लंब असे तीन काढायचेत. मी असं केलं.

पहिला तसाच ठेवला, य = (१, १, १, १).

मग ब चा य वरचा भाग काढला. ब आणि य चं डॉट ३+१+१+१ = ६, य चं स्वतःशी डॉट ४, म्हणजे ६/४ = ३/२ पट य वजा करायचा. उरलं (३/२, -१/२, -१/२, -१/२). अपूर्णांक नकोत म्हणून २ ने गुणलं, र = (३, -१, -१, -१).

मग क. क आणि य चं डॉट ४+१+२-३ = ४, भागिले ४ म्हणजे १, तर क वजा य = (३, ०, १, -४). क आणि र चं डॉट १२-१-२+३ = १२, र चं स्वतःशी ९+१+१+१ = १२, म्हणजे परत १ पट. (३, ०, १, -४) मधून र वजा केला, ल = (०, १, २, -३).

तपासलं: य·र = ३-१-१-१ = ०. य·ल = ०+१+२-३ = ०. र·ल = ०-१-२+३ = ०. सगळे शून्य!

आणि मागे उत्तर दिलंय (१, १, १, १), (१, ०, -१, ०), (१, ०, १, -२). पहिला सोडून काहीच जुळत नाही. ते तिन्ही पण एकमेकांना लंब आहेत, तेही तपासलं. दोन तास झाले याच्यावर, परवा इंटर्नल आहे. पुस्तकात चूक आहे का माझ्यात?

---

रोहन_९७ | सोमवार, रात्री १०:०५

तिसऱ्या पायरीत चुकलीस. क मधून अ चा आणि ब चा भाग काढायचाय, तू र चा काढलास. र तर तू स्वतः बनवलेला आहे. क·ब = १२+१+२-३ = १२, ब·ब = १२, म्हणजे १ पट ब वजा कर. (३, ०, १, -४) - (३, १, १, १) = (०, -१, ०, -५). हे बरोबर उत्तर.

---

मीनल_माळवा | सोमवार, रात्री १०:११

पण ते तर पुस्तकाशी पण जुळत नाही ना दादा

---

पाढे_पाठ | सोमवार, रात्री १०:३०

मी फोटो बघून सोडवलं. आडवे घेतले (१,३,४), (१,१,१), (१,१,२), (१,१,-३) असे चार. चौथा करताना सगळं वजा होऊन (०,०,०) आला. याचा अर्थ प्रश्नच चुकीचा आहे का?

---

तुकोगंजचे_सर | सोमवार, रात्री ११:०२

मी तीस वर्षं हे शिकवलं, आता घरी असतो. एकेकाचं बघतो.

रोहन, तुमच्या उत्तराची य शी तपासणी करा. (०, -१, ०, -५) च्या आकड्यांची बेरीज -६ येते, य मध्ये सगळे १ असल्यामुळे डॉट म्हणजे निव्वळ बेरीजच. शून्य नाही, म्हणजे लंब नाही. कारण असं की ब च्या पोटात य चा भाग अजून शिल्लक आहे. क मधून य चा भाग एकदा काढून झाला, आणि मग ब वजा करताना तुम्ही त्याच्याबरोबर य चा भाग दुसऱ्यांदा काढलात, म्हणून तोल गेला. र मध्ये य चा अंश नाही, त्यासाठीच तो बनवलेला असतो. मीनलने र घेतला ते योग्यच केलं. ही चूक दर वर्षी निम्म्या वर्गाची व्हायची, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, पण डॉट केल्याशिवाय "बरोबर उत्तर" लिहू नका.

पाढे_पाठ, व्हेक्टर उभे आहेत, मीनलने लिहिलंय ते परत वाचा. आडवे घेतले तर तीन-तीन आकड्यांचे चार व्हेक्टर होतात, आणि तीन दिशांच्या जागेत चार स्वतंत्र दिशा मावतच नाहीत, म्हणून एक तरी शून्य येणारच. तुमचा हिशोब बरोबर आहे, प्रश्न दुसरा सोडवलात.

मीनल, तुझ्या हिशोबात मला एकही चूक दिसत नाही. फोटो मोठा करून बघतो आणि उद्या लिहितो. तोवर एक कर: पुस्तकाचा दुसरा व्हेक्टर (१, ०, -१, ०) तुझ्या अ आणि ब मधून बनतो का ते बघ.

---

गुण्या_ओळंबा | मंगळवार, सकाळी ७:१५

मी बांधकामाच्या लाइनीत आहे, सुदामानगरकडे साइट चालू आहे. धागा वाचला, अर्धा कळला. आम्ही पाया आखताना कोपरा काटकोनात आहे का ते दोरीने बघतो, एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फूट, तिरकं ५ आलं की झालं. गुण्या लहान पडतो मोठ्या प्लॉटला. पण हे चार आकडेवाले तर कागदावर काढता पण येणार नाहीत, मग ते लंब आहेत हे बघायचं कसं? डॉट शून्य आलं म्हणजे काटकोन, हे कुणी ठरवलं?

---

तुकोगंजचे_सर | मंगळवार, सकाळी ८:४०

दादा, तुमचीच दोरी इथे लावू. मीनलचे र आणि ल घ्या. र च्या लांबीचा वर्ग ९+१+१+१ = १२. ल चा ०+१+४+९ = १४. आता तिरकी बाजू म्हणजे दोघांची बेरीज, (३, ०, १, -४), तिचा वर्ग ९+०+१+१६ = २६. आणि १२ अधिक १४ बरोबर २६. तुमचं ९ अधिक १६ बरोबर २५ तसंच हे.

बेरजेचा वर्ग उलगडून लिहिला की दोन लांब्यांचे वर्ग येतात आणि वर दोनदा डॉट येतं. डॉट शून्य असेल तरच तिरकी बाजू नेमकी बसते. म्हणजे डॉट ही तुमची ३-४-५ वालीच परीक्षा आहे, फक्त ती काढायला कागद लागत नाही, आकडे चार असोत की चाळीस.

---

गुण्या_ओळंबा | मंगळवार, सकाळी ८:५५

हे डोक्यात बसलं. धन्यवाद सर. पोरगा अकरावीला आहे त्याला दाखवतो.

---

संध्या_शिकवणी | मंगळवार, सकाळी ११:२०

मी घरी ट्यूशन घेते. मीनल, काळजी करू नकोस, ग्राम-श्मिटचं उत्तर एकच नसतं. क आधी घेतला आणि ब नंतर तर वेगळे व्हेक्टर येतात, तेही लंबच असतात. पुस्तकाने क्रम बदलला असेल. तिन्ही डॉट शून्य आहेत ना, मग तुझंही बरोबर आणि त्यांचंही बरोबर. पेपरात पूर्ण मार्क मिळतील.

---

तुकोगंजचे_सर | मंगळवार, दुपारी १२:१०

संध्याताई, क्रम बदलला की व्हेक्टर बदलतात हे अगदी खरं. पण क्रम काहीही घेतला तरी ते तिघं मिळून जी जागा व्यापतात ती बदलत नाही, ती अ, ब, क चीच असते. चार दिशांच्या जागेत तीन व्हेक्टर म्हटल्यावर एक दिशा बाहेर राहते, ती तिघांनाही लंब. पुस्तकाच्या उत्तराला लंब अशी दिशा मी काढली, (१, -३, १, १). पडताळा: (१,१,१,१) शी १-३+१+१ = ०, (१,०,-१,०) शी १-१ = ०, (१,०,१,-२) शी १+१-२ = ०.

आता मीनलचा ल हिच्याशी लावा. (०, १, २, -३) चं डॉट -३+२-३ = -४. शून्य नाही. म्हणजे मीनलचा ल पुस्तकाच्या जागेतच नाही, बाहेर डोकावतोय. क्रम बदलून हे होणं शक्य नाही. दोघांनी सुरुवातच वेगवेगळ्या व्हेक्टर्सनी केलीय.

ग्राम-श्मिटला तुम्ही काहीही व्हेक्टर द्या, ते निमूट लंब करून देतं. ब चुकीचा उतरवला तरी शेवटी डॉट शून्यच येणार. लंबतेची तपासणी तुमची वजाबाकी तपासते, फोटो तपासत नाही.

---

मीनल_माळवा | मंगळवार, दुपारी १:३०

सर तुम्ही सांगितलेलं केलं. अ आणि ब कितीही पट घेऊन मिसळले तरी मागचे तीन आकडे सारखेच राहतात, कारण (१,१,१,१) आणि (३,१,१,१) दोन्हीत मागचे तीन सारखेच आहेत. (१, ०, -१, ०) मध्ये मागचे तीन ०, -१, ० आहेत, ते कधीच येणार नाहीत. म्हणजे एकतर पुस्तकाचं उत्तर चुकलं किंवा माझा ब चुकला?

---

तुकोगंजचे_सर | मंगळवार, दुपारी ३:०५

शाब्बास. आता उलट जाऊ. समजा पुस्तकाचं उत्तर खरं आहे. मग खरा ब हा (१,१,१,१) ची काही पट आणि (१,०,-१,०) ची काही पट यांची बेरीज असला पाहिजे. पहिली पट म, दुसरी न म्हण. मग ब चे चार आकडे असे: म+न, म, म-न, म.

तुझ्या ब मध्ये दुसरा आकडा १ आणि चौथाही १, दोन्हीकडून म = १ निघतो, दोन साक्षी जुळल्या. पहिला आकडा ३, म्हणजे न = २. मग तिसरा आकडा असायला हवा १-२ = -१. तू १ लिहिलायस.

एकच आकडा बसत नाही आणि तोही फक्त चिन्हाने. छपाईची चूक असती तर एवढी नेमकी बसली नसती असं मला वाटतं. क चंही करून पाहिलं: १ पट पहिला, १ पट दुसरा, २ पट तिसरा, (१+१+२, १, १-१+२, १-४) = (४, १, २, -३). चारही आकडे बरोबर, क नीट उतरवला आहेस.

तेव्हा मैत्रिणीला सांग, ब चा तिसरा आकडा मूळ पानावर बघ. फोटोवर नको, पानावर. फोटो मी मोठा करून पाहिला, त्या १ च्या डावीकडे कागद थोडा मळका दिसतो, बाकी काही कळत नाही.

---

संध्या_शिकवणी | मंगळवार, दुपारी ३:४०

सर, जागेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, मी नेहमी डॉट बघूनच मार्क देत आले. पण मार्कांचं अजून पटत नाही. मुलीने तिच्यापुढे जे होतं त्यावर पद्धत पूर्ण बरोबर वापरली.

---

मीनल_माळवा | मंगळवार, रात्री ८:२५

सापडलं!! मैत्रीण भंवरकुआंजवळ होस्टेलला राहते, क्लासनंतर तिच्याकडेच गेले. तिसऱ्या ओळीवर पानाला घडी पडलीय आणि बरोब्बर घडीवर बारीकसं वजा आहे, बल्बखाली पान तिरकं धरलं तर दिसतं. तिने फोटो काढताना फोनचा तो पान पांढरंशुभ्र करणारा स्कॅनवाला मोड लावला होता. आम्ही तिथेच परत दोन फोटो काढले, साध्या मोडमध्ये वजा फिकट का होईना दिसतं, स्कॅन मोडमध्ये गायब, घडीच्या सावलीबरोबर तेही पुसलं जातं. क मधलं -३ चं वजा मात्र दोन्हीत आहे कारण ते घडीपासून लांब आहे.

मग परत केलं. ब = (३, १, -१, १). ब·य = ४, भागिले ४ = १, र = (२, ०, -२, ०). अर्धा केला, (१, ०, -१, ०). क वजा य = (३, ०, १, -४). क·र = ४-२ = २, र·र = २, परत १ पट, ल = (३, ०, १, -४) - (१, ०, -१, ०) = (२, ०, २, -४), अर्धा करून (१, ०, १, -२). पुस्तकासारखंच!

डॉट: य·र = १-१ = ०, य·ल = १+१-२ = ०, र·ल = १-१ = ०. आणि यावेळी सरांचं उलटं पण केलं, १ पट य + २ पट र = (३, १, -१, १), ब परत आला.

सर खूप खूप आभार.

---

तुकोगंजचे_सर | मंगळवार, रात्री ९:००

फार छान वाटलं वाचून. ब परत बनवून बघितलास हे मला सगळ्यात आवडलं, ती सवय ठेव. फक्त ते परत बनवताना आकडे वहीतून न घेता मूळ पानावरून घे, नाहीतर चुकलेला ब चुकलेल्या ब शीच जुळेल.

---

कोडवाला_विजयनगर | मंगळवार, रात्री १०:१५

उशिरा आलो. आमच्या कामात हेच रोज असतं, पायथनमध्ये पाच ओळींत तपासता येतं:

```
import numpy as np
A = np.array([[1,3,4],[1,1,1],[1,-1,2],[1,1,-3]], float)
Q, R = np.linalg.qr(A)
print(Q.T @ Q)
print(Q @ R - A)
```

पहिल्या प्रिंटमध्ये कर्णावर १ आणि बाकी शून्य यायला हवेत, दुसऱ्यात सगळे शून्य. दोन गोष्टींनी घाबरू नकोस. एक, Q चा पहिला कॉलम माझ्याकडे सगळा -0.5 आला, अधिक नाही. उलटी दिशा पण तेवढीच लंब असते, आणि लांबी १ करायची म्हणून (१,१,१,१) ला २ ने भागलं जातं. दोन, शून्याच्या जागी कधी 1e-17 च्या आसपासचं काहीतरी दिसेल, ते दशांशाच्या गोळाबेरजेमुळे, शून्यच समज.

सरांचं म्हणणं इथेही लागू आहे. Q @ R - A हे तू टाइप केलेल्या A शी तुलना करतं, पानाशी नाही. मी मुद्दाम -1 च्या जागी 1 टाकून चालवलं, दोन्ही प्रिंट तितकेच स्वच्छ आले.

---

रोहन_९७ | मंगळवार, रात्री १०:४०

सर, माझं कळलं आता, र च घ्यायचा. एक विचारायचं होतं, मीनल मध्येच २ ने गुणते, अर्धं करते, हे चालतं का? आमच्या मॅडम म्हणतात पायरी बदलायची नाही, शेवटी काय ते करा.

---

तुकोगंजचे_सर | मंगळवार, रात्री ११:०५

पट बदलली तरी दिशा तीच राहते, आणि पुढच्या पायरीत र·र ने भागतोच, त्यामुळे ती पट आपोआप कटते. मीनलच्या पहिल्या हिशोबात ३/२ आणि -१/२ घेऊन पुढे गेली असती तरी ल तोच आला असता, फक्त घाम जास्त गाळला असता. वर्गमूळ मात्र मध्ये आणू नका, लांबी १ करायची असेल तर सगळं संपल्यावर करा. इथे लांबी १ करायला दुसऱ्याला वर्गमूळ २ ने आणि तिसऱ्याला वर्गमूळ ६ ने भागावं लागतं, आणि ते आधीच घुसवलं तर वजाबाकीत चिन्हं चुकतात.

तुमच्या मॅडम तपासणार असतील तर त्या म्हणतात तसं लिहा.

---

संध्या_शिकवणी | बुधवार, सकाळी ९:३०

मार्कांचं कुणी बोललंच नाही. समजा पेपरच अंधूक छापला आणि मुलांनी १ वाचलं, तर (०, १, २, -३) ला किती द्यायचे? मी पूर्ण देईन.

---

तुकोगंजचे_सर | बुधवार, सकाळी १०:१०

पेपर अंधूक असेल तर पूर्ण. स्वतः चुकीचं उतरवलं असेल तर मी एक कापायचो. यावर स्टाफरूममध्ये आमचंही कधी एकमत झालं नाही.

---

मीनल_माळवा | बुधवार, दुपारी ४:५०

सर अजून एक. पुढच्या प्रश्नाचा फोटो पण तसाच स्कॅन मोडचा आहे, घडी त्यावरूनही गेलीय. त्यात दुसऱ्या व्हेक्टरचा पहिला आकडा १ आहे की ७ कळत नाही आणि चौथ्याचं चिन्ह पण शंकास्पद आहे. मैत्रीण गावाला गेली, पुस्तक तिच्याबरोबर. उत्तरावरून दोन्ही काढता येतील का?

---

तुकोगंजचे_सर | बुधवार, सायंकाळी ५:२०

दुसऱ्या व्हेक्टरला चार समीकरणं आणि म, न हे दोन अनोळखी. दोन आकडे शंकेचे सोडले तर उरलेल्या दोनांवरून म आणि न बहुधा निघतील, पण मग जुळवून बघायला एकही साक्ष उरणार नाही. निघालेला पहिला आकडा १ किंवा ७ आला आणि चौथा फक्त चिन्हाने वेगळा आला तर मी विश्वास ठेवीन. तिसराच काही आकडा आला तर उतरवण्यात आणखी एक चूक आहे असं धर आणि मैत्रिणीची वाट बघ. फोटो आणि मागचं उत्तर दोन्ही टाक, बघू.